व्हायव्हात "व्हॅलिडिटी कुठेय?" विचारलं तर: रापणीच्या एका अभ्यासातून ट्रायँग्युलेशन

पीएचडीच्या प्रोग्रेस सेमिनारला कोकणातल्या रापण मासेमारीवरचं माझं प्रेझेंटेशन झाल्यावर पहिलाच प्रश्न आला, "२२ मुलाखती ठीक आहेत, पण रिलायबिलिटी आणि व्हॅलिडिटी कशी तपासली?" मी म्हटलं ट्रायँग्युलेशन केलंय. "म्हणजे नेमकं काय केलं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण मी मुलाखती घेतल्या होत्या, किनाऱ्यावर बसून बघितलं होतं आणि थोडी कागदपत्रं गोळा केली होती, तीन गोष्टी झाल्या म्हणजे ट्रायँग्युलेशन झालं असंच मी धरून चालले होते. पुढचं वर्षभर मी हेच परत नीट केलं. ते स्टेप बाय स्टेप इथे लिहितेय, कारण दरवर्षी कुणी ना कुणी हाच प्रश्न घेऊन येतं. गाव आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदललेत.

आधी तो प्रश्न समजून घेऊ. प्रश्नावलीवरच्या संशोधनात रिलायबिलिटी म्हणजे परत मोजलं तर तेच येईल का, आणि व्हॅलिडिटी म्हणजे जे मोजायचं होतं तेच मोजलं का. पण मुलाखत परत घेतली तर ती तशीच येत नाही, माणूस पहिल्यापेक्षा मोकळा झालेला असतो, तुम्हीही शहाणे झालेले असता, आणि तसंच व्हायला पाहिजे. म्हणून यव्होना लिंकन आणि इगॉन गुबा यांनी १९८५ मध्ये ट्रस्टवर्दीनेस ही कल्पना सविस्तर मांडली, तिचे चार भाग केले. इंटर्नल व्हॅलिडिटीच्या जागी क्रेडिबिलिटी, म्हणजे तुम्ही लोकांचं जे म्हणणं मांडलंय ते खरंच त्यांचं आहे आणि पुराव्यावर टिकतं का. एक्स्टर्नल व्हॅलिडिटीच्या जागी ट्रान्सफरेबिलिटी, म्हणजे दुसऱ्या ठिकाणी हे लागू पडेल का ते वाचणाऱ्याला ठरवता येतं का. रिलायबिलिटीच्या जागी डिपेंडेबिलिटी, म्हणजे काम कसं होत गेलं ते दुसऱ्याला तपासता येतं का, आणि ऑब्जेक्टिव्हिटीच्या जागी कन्फर्मेबिलिटी, म्हणजे निष्कर्ष डेटातून आलेत की तुमच्या मनातून. हे पाठ करून भागत नाही, प्रत्येकाच्या मागे तुम्ही कुठलं काम केलं ते दाखवावं लागतं. ट्रायँग्युलेशन, म्हणजे एकच दावा वेगवेगळ्या बाजूंनी ताडून बघणं, हे त्यातलं एक काम, मुख्यतः क्रेडिबिलिटीसाठीचं, थोडं कन्फर्मेबिलिटीसाठीही. नॉर्मन डेन्झिन यांनी १९७० मध्ये त्याचे चार प्रकार सांगितले: वेगवेगळा डेटा, वेगवेगळे संशोधक, वेगवेगळी थिअरी, वेगवेगळ्या पद्धती. एकट्या विद्यार्थ्याला झेपतो तो पहिला आणि शेवटचा, म्हणून मी त्या दोनांवरच थांबते.

दोन खुणा एका रेषेत आल्या तर

ट्रायँग्युलेशन हा शब्द सर्व्हेच्या कामातून आलाय, पण मला तो कळला होडीत. आमच्याकडे जुने लोक समुद्रात आपली जागा ओळखायला किनाऱ्यावरच्या खुणा धरतात, एकीकडे डोंगराचं टोक आणि दुसरीकडे देवळाचा कळस, आणि दोन्ही दिशा जिथे मिळतात तिथे आपली होडी. आता समजा डोंगर आणि कळस एकाच दिशेला, एकामागे एक आले, तर तुम्ही त्या रेषेवर आहात एवढंच कळतं, किनाऱ्यापासून किती आत आहात ते कळत नाही. मग खुणा दोन असल्या काय नि पाच असल्या काय, सगळ्या एकाच रेषेत असतील तर उपयोग शून्य.

माझ्या पहिल्या कामात अगदी हेच झालं होतं. मला शोधायचं होतं की सिंधुदुर्गातल्या एका गावातली रापण का थांबत चाललीय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं सोडत समुद्रात अर्धगोल फिरून परत येते, दोन टोकांचे दोर वाळूवर, आणि दोन्ही बाजूंनी तीस-चाळीस माणसं मिळून ते ओढतात. विक्रीचे पैसे वाट्यानं वाटले जातात, जाळ्याचा आणि होडीचा वेगळा वाटा निघतो. मी नऊ रापणकरांशी बोलले, नऊही जण म्हणाले, पर्ससीननं, म्हणजे मोठ्या बोटींतून मासळीचा थवा घेरून पकडणाऱ्या जाळ्यांनी, मासे संपवले. मी लिहून टाकलं, नऊपैकी नऊ जणांनी दुजोरा दिला. पण ते नऊ जण एकाच रापण संघातले, रोज संध्याकाळी जाळ्यांच्या मांगरात एकत्र बसणारे, आंदोलनाला एकत्र गेलेले. ते खोटं बोलत नव्हते, पण त्यांच्या नऊ मुलाखती मिळून ती एकच खूण होती.

पहिलं काम: दाव्याचे तुकडे करा

"पर्ससीनमुळे मासे संपले म्हणून रापण थांबली" हे ऐकायला एक वाक्य आहे, पण त्यात तीन वेगळे दावे आहेत. एक, रापणीला मिळणारी मासळी कमी झाली. दोन, ती पर्ससीनमुळे कमी झाली. तीन, त्याच कारणानं माणसांनी रापण सोडली. कागदावर तिन्ही वेगळे लिहा, कारण प्रत्येकाचे साक्षीदार वेगळे असतात. सगळं वाक्य एकदम तपासायला गेलं की पहिल्या तुकड्याचा पुरावा नकळत तिसऱ्याला लावला जातो, मी तेच केलं होतं.

दुसरं काम: कोणाला काय दिसू शकतं

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग आणि बहुतेक थीसिसमध्ये हाच नसतो. प्रत्येक तुकड्यासमोर लिहायचं, हे प्रत्यक्ष बघायची संधी कोणाला होती, आणि एक विशिष्ट उत्तर देण्यात कोणाचा काही फायदा-तोटा आहे का.

रापणकरांना जाळ्यात काय आलं ते दिसतं. मासळी विकणाऱ्या बायकांना पाटीचा भाव दिसतो, आणि गावात मासळी नसते तेव्हा ती कुठल्या बंदरातून आणावी लागते तेही. गाव सोडून गेलेल्या किंवा पर्यटकांच्या होड्यांवर लागलेल्या पोरांना आपण का सोडलं ते माहीत असतं, आणि ते मांगरात बसत नाहीत. रापण संघाची हिशोबाची वही असते, तिच्यात तारीख, विक्रीचे पैसे, वाटेकरी किती आणि वाटा किती पडला हे असतं, आणि लिहिणाऱ्यानं ती माझ्यासाठी लिहिलेली नसते ही तिची मोठी ताकद. पाचवं, मी स्वतः सकाळी वाळूवर बसून मोजू शकते की ओढायला किती जण आले.

सरकारी किंवा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या, म्हणजे सीएमएफआरआयच्या आकड्यांचा मोह सगळ्यांनाच होतो, कारण आकडा म्हटलं की भक्कम वाटतं. पण सीएमएफआरआयचे आकडे निवडक बंदरांवर, निवडक दिवशी घेतलेल्या नमुन्यांवरून काढलेले अंदाज असतात, ते मोठ्या प्रदेशासाठी नीट लागू पडतात, एका गावाच्या एका रापणीसाठी नाहीत. तो तक्ता प्रबंधात लावला तर पार्श्वभूमी म्हणून लावा, तुमच्या गावाचा पुरावा म्हणून नको.

हे सगळं मांडल्यावर एक गोष्ट दिसली जी मला वर्षभर दिसली नव्हती. दुसऱ्या तुकड्यासाठी, म्हणजे पर्ससीनमुळेच मासळी घटली यासाठी, माझ्या पाचही स्रोतांपैकी कोणालाच ते प्रत्यक्ष दिसू शकत नव्हतं. लोकांनी किनाऱ्याजवळ मोठ्या बोटी बघितल्या, राज्य सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले हे खरं आहे, पण बोट दिसणं आणि त्या बोटीमुळे अमुक रापणीचा बांगडा घटणं या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे, आणि ते भरायला मत्स्यशास्त्राचा अभ्यास लागतो. म्हणून तो तुकडा मी निष्कर्षातून काढला आणि "रापणकर असं मानतात, आणि मानण्यामागे त्यांचे हे हे अनुभव आहेत" असा लिहिला. क्रेडिबिलिटी म्हणजे कधीकधी असं वाक्य मागे घेणंच असतं.

तिसरं काम: शेजारी ठेवा आणि न जुळणाऱ्या जागी थांबा

तक्ता करा. उभ्या बाजूला दाव्याचे तुकडे, आडव्या बाजूला स्रोत, आणि प्रत्येक चौकोनात त्या स्रोताचं म्हणणं एका ओळीत, बरोबर किंवा चूक अशी खूण न करता. मग तीनच गोष्टी होऊ शकतात: जुळतं, एकमेकांची कमी भरून काढतं, किंवा भांडतं. बहुतेक विद्यार्थी जुळतं ते ठेवतात आणि भांडतं ते वगळतात. माझ्या कामात खरी गोष्ट भांडणातून निघाली.

रापणकर म्हणत होते, "मासोच नाय, तर वढूचां काय?" आणि वहीत बघितलं तर एका वाट्याला पडणारी रक्कम दहाएक सीझन जवळजवळ तेवढीच. मला वाटलं झालं, लोकांची तक्रार खोटी निघाली. दोन दिवस मी याच समजात होते. मग मासळी विकणाऱ्या एका काकींकडे बसले असताना त्या सहज म्हणाल्या, "बांगडो महाग झालो म्हणान पैशे तेवडेच दिसतत." तेव्हा लक्षात आलं की वही पैसे लिहिते, मासे लिहीत नाही. भाव वाढत गेला आणि पैसे तेवढेच राहिले, म्हणजे मासळी कमीच झाली असणार. परत वही चाळली. काही सीझनमध्ये लिहिणाऱ्यानं पैशांशेजारी पाट्यांची संख्याही लिहिली होती, आणि त्या पानांवर पाट्या घटताना स्पष्ट दिसत होत्या. रापणकर बरोबर, वही बरोबर, चुकीचं होतं ते माझं वाचन. काकींच्या भावाच्या आठवणीशिवाय वही मला उलट्या दिशेला घेऊन गेली असती, आणि वहीशिवाय काकींची आठवण ही नुसती आठवणच राहिली असती.

तिसऱ्या तुकड्याचंही असंच झालं. वाट्याची रक्कम तेवढीच, पण त्याच वर्षांत चिऱ्याच्या खाणीवरची रोजंदारी चढत गेली होती, हे सोडून गेलेल्या पोरांनी सांगितलं, आणि कुठल्या वर्षी किती मिळायचे हे प्रत्येकाला वेगवेगळं विचारून मी ताडून बघितलं. वहीतला क्रम मग सरळ लागला: आधी पाट्या घटल्या, मग दोनेक सीझननं वाटेकऱ्यांची नावं कमी झाली, आणि सगळ्यात शेवटी जाळं टाकल्याचे दिवस. शेवटच्या पानांवर तर अशी नोंद आहे, "बांगडो दिसलो, माणसां नाय." म्हणजे मासे समोर आले तेव्हा ओढायला माणसं नव्हती. हे मांगरात कोणी सांगितलं नव्हतं, आणि त्याचं कारणही समजण्यासारखं आहे. माझ्यासारखी बाहेरून आलेली, शिकलेली बाई आपलं गाऱ्हाणं वरपर्यंत पोचवेल असं त्यांना वाटत होतं, तिच्यासमोर घरचं दुबळेपण कोण उघडं करेल? ही बाब लपवाछपवी म्हणून लिहायची नसते, तुम्ही तिथे कोण म्हणून दिसता याचा तो पुरावा असतो, आणि तो मेथडॉलॉजीच्या प्रकरणात जायला हवा.

"मासो नाय" म्हणजे नक्की काय

डिपेंडेबिलिटीसाठी मी दुसऱ्या एका संशोधक मैत्रिणीला चार मुलाखतींचे उतारे दिले आणि तिनं स्वतंत्रपणे कोडिंग केलं, म्हणजे प्रत्येक उताऱ्याला त्यातल्या मुद्द्याचं छोटं नाव दिलं. एका कोडवर आमचं सारखं वाजत होतं, "मासे कमी". कारण शोधलं तर भाषेत सापडलं. मालवणीत "मासो नाय" याचा अर्थ समुद्रात नाही, आज जाळ्यात नाही, किंवा माझ्या वाट्याला उरला नाही, यातला कुठलाही असू शकतो, आणि तो फक्त आधीच्या-नंतरच्या बोलण्यावरून कळतो. मी ट्रान्सक्रिप्ट करताना प्रमाण मराठीत "मासे कमी झाले" असं लिहून टाकलं होतं, तिथेच तीन अर्थांचा एक झाला होता. म्हणून नियम करा, ट्रान्सक्रिप्ट बोलीतच ठेवायचं, भाषांतर शेजारच्या रकान्यात. आम्ही तो कोड तीन कोडमध्ये फोडला आणि आधी झालेल्या सगळ्या मुलाखती परत कोड केल्या. कष्टाचं काम आहे पण टाळू नका, नाहीतर पहिल्या दहा मुलाखती एका चष्म्यातून आणि उरलेल्या दुसऱ्यातून वाचल्या जातात.

काही ठिकाणी कोहेनचा कप्पा मागतात, म्हणजे दोघांचं कोडिंग किती जुळतं हे सांगणारा आकडा. कोडबुक आधीच ठरलेलं असेल, कोड स्पष्ट असतील तर तो जरूर काढा. पण कोड वाचता वाचता बदलत असतील तर कप्पा एवढंच सांगतो की दोघी जणी एका क्षणी सारखं वागल्या. दोघींनी "मासो नाय" आलं तिथे प्रत्येक वेळी "मासे कमी" हाच कोड दिला असता तर कप्पा छान आला असता आणि चूक तशीच राहिली असती. तिथे मतभेद कुठे झाला आणि कसा मिटला हे लिहिणं जास्त कामाचं.

लोकांकडे परत जाणं

मेंबर चेक म्हणजे ट्रान्सक्रिप्ट दाखवून "बरोबर आहे ना?" विचारणं, असं बरेच जण समजतात. कोकणात घरी आलेल्या माणसाला कोणी "चुकलंय" म्हणत नाही, चहा देतात आणि "होय होय, बरोबर" म्हणतात. या होकाराला काही किंमत नाही. मी नंतर असं केलं की निष्कर्षाचं एकच वाक्य मोठ्यानं वाचायचं आणि विचारायचं, यात काय राहिलंय? किंवा मुद्दाम दोन वाक्यं ठेवायची आणि यातलं कुठलं जवळचं, असं विचारायचं.

"आता रापणीला माणसं मिळत नाहीत" हे वाक्य मी जुन्या तांडेलांना वाचून दाखवलं. ते लगेच म्हणाले, "माणसां गावतत गो. वाट्यार कोण येणा नाय, सगळे रोज मागतत." या एका वाक्यानं माझा निष्कर्ष बदलला. प्रश्न माणसांच्या संख्येचा नव्हता. वाट्यावर काम करणं म्हणजे आज काहीच न मिळण्याची जोखीम सगळ्यांनी वाटून घेणं, आणि खात्रीचा रोज दुसरीकडे मिळत असताना ती जोखीम घ्यायला कोणी तयार नव्हतं. मी हे पुन्हा पोरांच्या मुलाखतींत शोधलं आणि ते तिथे आधीपासून होतं, मीच त्याला कोड दिला नव्हता.

दुसऱ्या एका रापणकरांनी मात्र "माणसां नाय" हा भाग काढून टाका असं सांगितलं, आंदोलनाला धक्का बसेल म्हणून. इथे काय करायचं? मी तो भाग काढला नाही. पण पाट्या आधी घटल्या हा क्रम वाक्यात स्पष्ट आणला, कारण तो पुराव्यात होता आणि त्याशिवाय वाक्याचा अर्थ त्यांच्यावर अन्याय करणारा झाला असता. आणि त्यांचा आक्षेप, नाव न देता, त्याच पानावर लिहिला. मेंबर चेक म्हणजे लोकांना व्हीटो देणं नाही, पण आक्षेप गिळून टाकणंही नाही.

वहीसारखी तुमचीही वही

कन्फर्मेबिलिटी आणि डिपेंडेबिलिटी दोन्हीसाठी लागते ऑडिट ट्रेल, म्हणजे तुम्ही कुठल्या दिवशी काय ठरवलं याची तारखेसकट नोंद. मोठं काही लागत नाही. माझी एक नोंद अशी आहे: "१४ जानेवारी. 'मासे कमी' कोड फोडला: समुद्रात, जाळ्यात, वाट्यात. कारण: मैत्रिणीशी मुलाखत ६ वर मतभेद. परिणाम: १ ते १० परत कोड करायच्या." अशा चाळीसेक नोंदी झाल्या. त्या त्याच दिवशी लिहा. शेवटी बसून आठवून लिहिलेल्या नोंदी वाचणाऱ्याला लगेच कळतात, सगळ्या एकाच सुरातल्या असतात आणि त्यात एकही चूक नसते. खऱ्या नोंदींत चुकीच्या वाटा असतात, माझ्यात "वहीनुसार तक्रार खोटी" अशी नोंद आहे आणि तीन दिवसांनी ती खोडल्याचीही.

ट्रान्सफरेबिलिटीचं थोडक्यात. आपला निष्कर्ष दुसऱ्या गावाला लागू आहे असं तुम्ही म्हणायचं नसतं, वाचणाऱ्याला ते ठरवता येईल एवढं वर्णन द्यायचं असतं: रापणीत किती माणसं लागतात, वाटा कसा पडतो, जवळ चिऱ्याची खाण आहे का, पर्यटन आहे का. अडचण अशी की किनारा लहान आहे. "अमुक देवळाजवळची एकुलती रापण" असं लिहिलं की अख्ख्या तालुक्याला गाव कळतं आणि आक्षेप घेणारे काकाही कळतात. मी देवळं, वाड्या, बंदराचं नाव काढलं, पण वाट्याची पद्धत आणि रोजंदारीचा पर्याय पूर्ण ठेवला, कारण दुसऱ्या गावाशी तुलना करायला तेच लागतं.

शेवटच्या व्हायव्हाला परत तोच प्रश्न आला. यावेळी मी ट्रायँग्युलेशन हा शब्द न उच्चारता तक्त्याचं पान उघडलं, वही आणि रापणकर जिथे भांडत होते तो चौकोन दाखवला आणि तो कसा सुटला ते सांगितलं. मग परीक्षकांनी दुसरा तुकडा रिकामा का, असं विचारलं. मी म्हटलं, तो बघू शकेल असा एकही साक्षीदार माझ्याकडे नव्हता.